ड्रॉइंगशिवाय कॅप्शन

आमच्या वर्कशॉपच्या दारावर लाल रंगात मोठी पाटी आहे: ‘ड्रॉइंग नाही, तर काम नाही.’ गिऱ्हाइकाने चहा पिता पिता पेपराच्या कडेला आकृती काढून दिली तरी लेथ चालू करणारे कारखानदार कुपवाडात पुष्कळ आहेत. आमचे भरतेश शेठ तसले नाहीत. पाण्याच्या पंपाला बसणारा साधा पितळी बुश असला तरी त्यांना आतलं माप, बाहेरचं माप, कमी-जास्त किती चालेल, सगळं कागदावर लागतं आणि खाली गिऱ्हाइकाची सही लागते. मी तिथे क्वालिटी बघते. तयार झालेला जॉब पास की नापास हे मी ठरवते, त्यामुळे निम्मं वर्कशॉप माझ्याशी तोंडदेखलं गोड बोलतं. मला त्याचं काही वाटत नाही.

तर असा हा माणूस त्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी आला, मोबाइल पालथा ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “प्रियदर्शनी, एक जॉब हाय. अर्जंट. पाचला डिलिव्हरी.”

“ड्रॉइंग द्या.”

“ड्रॉइंग न्हाई.”

मला वाटलं, शेठना चक्कर येतेय. मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले आणि मोबाइल सुलटा करून माझ्यापुढे धरला. त्यांच्या बायकोचा, राजमतीवहिनींचा मेसेज होता. ‘आज पाच वाजता फेसबुकवर पोस्ट टाकणार आहे. फोटो माझा मी ठरवीन. कॅप्शन तुम्ही द्यायची. फोटो कुठला, कशाबद्दल, काही विचारायचं नाही. नांद्र्याला जायची बॅग भरून ठेवली आहे. कॅप्शन बघून जायचं की राहायचं ते ठरवते.’

नांद्रे म्हणजे वहिनींचं माहेर. इथून तसं जवळच, पण बॅग भरून गेलेल्या बाईला परत आणायचं म्हटलं की तेही लांब पडतं.

वहिनींचा राग कशाचा होता ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यात वर्कशॉपचा हात होता. लग्नाच्या वाढदिवसाला शेठनी दोघांचा फोटो टाकायचं ठरवलं आणि ‘वर दोन ओळी लिही’ म्हणून ते काम ऑफिसातल्या प्रांजलवर ढकललं. प्रांजल आमच्या कंपनीचं पेज सांभाळते. तिने कंपनीचा दिवाळीचा मजकूर उचलला आणि वर नाव तेवढं बदललं. ‘सौ. राजमती यांस, आमच्या वाटचालीत आपला मोलाचा वाटा आहे. असेच सहकार्य राहो ही विनंती.’ खाली वर्कशॉपचा पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. लोणंदच्या एका पंपवाल्याने त्याच पोस्टखाली बुशचा रेट विचारला, आणि कडी म्हणजे शेठनी तिथेच रेट दिला.

तेव्हापासून वहिनी घरात बोलत नाहीत. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मेसेज करतात. ‘जेवण वाढलं आहे.’ ‘पंप बंद करा.’ शेठ अंगठा पाठवतात. बाजूच्या घरातल्यांना वाटतं, किती शांत जोडपं आहे.

“तुम्हीच लिहा की,” मी म्हणाले. “तुमची बायको आहे.”

“लिवलं हुतं,” शेठ म्हणाले आणि त्यांनी खोडलेला मजकूर आठवून सांगितला. सुरुवात ‘आपल्या चौकशीच्या संदर्भात’ अशी होती. मी म्हटलं, राहू द्या.

त्यांनी प्रांजलला आत बोलावलं. ती बिचारी वाढदिवसाच्या प्रकरणापासून वहिनींचं नाव काढलं तरी पदर सावरते, पंजाबी ड्रेस घातलेला असला तरी. तिने मोबाइलमधलं ते सगळं लिहून देणारं ॲप उघडलं आणि त्याला सांगितलं, सोशल मीडियावरच्या पोस्टसाठी एक छान कॅप्शन दे. ॲपने लगेच उलट विचारलं, नक्कीच, पण फोटोत काय आहे आणि प्रसंग कोणता ते सांगाल का?

शेठनी मोबाइल हातात घेऊन ते दोनदा वाचलं. “आयला, ह्येलाबी ड्रॉइंग पायजे!” ते म्हणाले, आणि इतक्या घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा त्यांच्या तोंडावर थोडं समाधान दिसलं.

प्रांजलने लिहिलं, फोटो माहीत नाही, प्रसंग माहीत नाही. मग त्याने न कुरकुरता ओळ दिली: ‘क्षण निघून जातात, पण आठवणी कायम सोबत राहतात.’ पुढे एक फूल आणि एक लाल हृदय.

“झ्याक हाय!” दारातून आवाज आला. दादासो. आमचा लेथवरचा टर्नर. जत भागातला, घरची मेंढरं अजून आहेत, आणि कुणाच्या घरातलं काहीही चालू असलं तरी मशीन बंद करून ऐकायला येतो.

“झ्याक हाय खरं,” शेठ म्हणाले, “पर फोटो माझ्या आईचा असला तर? पुण्यतिथी जवळ आलीय. हृदय कसं चालंल?”

हृदय काढलं. मग दादासो म्हणाला, “आन फोटो नव्या गाडीचा असला तर? वैनी स्कुटी घेणार हुत्या न्हवं? नव्या गाडीवर ‘निघून जातात’ लिवतंय व्हय कोण?”

इथे माझं डोकं कामाला लागलं. आता कबूल करायला हरकत नाही, मला मजा यायला लागली होती. मी म्हटलं, हे असं हवेत बोलून चालणार नाही, तपासणी करायची तर रीतसर करू. आमच्याकडे बुशचं भोक तपासायला गेज असतो. दांड्यासारखा, दोन टोकांचा. आपण तसंच करू म्हटलं. मी नापास मालाला बांधायची लाल कार्डं घेतली आणि कोऱ्या बाजूला एकेक शक्यता लिहीत गेले. आईची पुण्यतिथी. नवी स्कुटी. आर्जवचा निकाल, आर्जव म्हणजे शेठचा मुलगा, पुण्यात शिकतो. वहिनींच्या उपवासाचं पारणं. भावाकडचं बारसं. घाटावरचा सूर्यास्त. जी ओळ सगळ्या कार्डांना बसेल ती पास.

“आनि एक लिव्हा,” दादासो म्हणाला. “बंद पडल्याला फ्रिज.”

“फ्रिजचा फोटो कोण टाकतं?”

“आमच्या भनीनं, हरणाबाईनं टाकला हुता. दुकानदाराला टॅग करून.”

लिहिलं. दुपारपर्यंत टेबलावर लाल कार्डांची रांग लागली. मशीन थंड, ऑफिसचा फोन कुणी उचलत नव्हतं, आणि चार शहाणीसुरती माणसं एका ओळीच्या मागे लागली होती.

‘आठवणी’ पहिल्यांदा गेल्या. बारशाच्या बाळाला कसल्या आठवणी? ‘क्षण’ फ्रिजला बसेना. तो गेले दोन उन्हाळे बंद आहे असं दादासोचं म्हणणं होतं, आणि हा फ्रिज मुळात वहिनींचा नाही याचा सगळ्यांना विसर पडला होता. प्रांजलने ‘तुझ्यामुळे’ सुचवलं. पुण्यतिथीच्या कार्डावर आल्यावर तिघांनी एकदमच ते मागे घ्यायला लावलं. ‘हसू’ गेलं. ‘आज’ गेलं, कारण फोटो आजचाच असेल कशावरून? ‘आपण’ गेलं, कारण फोटोत शेठ असतील याची खुद्द शेठनाच खात्री वाटेना.

“मी फोटोत कमीच असतो,” ते म्हणाले. “बहुतेक मीच काढत असतोय.”

“मंग तसं लिव्हा की,” दादासो म्हणाला.

“सूर्यास्ताला बसत न्हाई,” शेठ म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, बंद झाले. शेठनी डबा उघडलाच नाही. एरवी माझ्या हातून नापास झालेल्या जॉबसाठी ते माझ्याशी हमरीतुमरीवर येतात. त्या दिवशी एकेक शब्द मी फुली मारून बाजूला टाकत होते आणि ते नुसती मान हलवत होते. मला त्यांची दया आली, हे सरळच सांगते. एवढा मोठा माणूस, पण बायकोला काय लिहावं ते आम्हाला विचारत बसला होता, आणि आम्हीही मोठ्या तोऱ्यात सांगत होतो.

चारच्या सुमाराला कागदावर एकच शब्द उरला. कुणी सुचवला ते आता आठवत नाही. सगळी ओळ झिजून झिजून तेवढा राहिला असावा.

‘असंच.’

मी तो कार्डांवरून फिरवला. पुण्यतिथी: असंच. जरा कोरडं वाटतं, पण चूक नाही. स्कुटी: असंच. निकाल पास असला तरी असंच, नापास असला तरी असंच. पारणं, बारसं, सूर्यास्त, सगळीकडे बसला. फ्रिजला तर जसा काही मापून केलेला होता.  दादासोने टाळी वाजवली.

“शिक्का मार,” शेठ म्हणाले.

मी कागदावर खरोखर ‘ओके’चा शिक्का मारला. शेठनी तो शब्द मोबाइलवर टाइप केला, पुढचा पूर्णविराम असू दे की नको यावर पुन्हा थोडी चर्चा झाली, आणि पाचला काही मिनिटं असताना माल गेला. खाली दोन निळ्या रेघा उमटल्या. उत्तर आलं नाही.

पाच वाजले. प्रांजल दर मिनिटाला फेसबुक ओढून बघत होती. सव्वापाच झाले तरी वहिनींची पोस्ट नाही. शेठ उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग गेटबाहेर रिक्षा थांबली आणि वहिनी आत आल्या. स्कुटी त्यांनी घेतलीच नव्हती, एवढं एक कार्ड तरी निकालात निघालं.

वहिनी सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. शेठ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“प्रियदर्शनी, ह्यांना विचार, हे काय पाठवलंय.”

मी शेठना विचारलं, हे काय पाठवलंय. शेठ मला म्हणाले, “तिला सांग, कॅप्शन हाय.” मी वहिनींना सांगितलं, कॅप्शन आहे.

“त्यांना म्हणावं, माझी अडचण झालीय.” वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “मी दोन फोटो काढून ठेवले होते. हा बघ, आम्हा दोघांचा, आर्जवच्या कॉलेजात काढलेला. आणि हा बॅगेचा. म्हटलं, ते काहीतरी लिहितील, आणि जे लिहितील ते दोनांतल्या एकालाच शोभेल. दोघांच्या फोटोला शोभलं तर तो टाकायचा आणि राहायचं. बॅगेला शोभलं तर तो टाकायचा आणि जायचं. दुपारपासून वाट बघितली. आणि आलं काय? ‘असंच.’ ह्या फोटोला लावून बघितलं, बसलं. बॅगेला लावून बघितलं, तिथंही बसलं! आता मी घरात राहू की बसस्टँडवर जाऊ?”

मी टेबलावरच्या कार्डांकडे बघितलं आणि मला माझीच चीड आली. गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं, ते जरा जाड असतं, ते गेलं नाही पाहिजे. दोन्ही टोकं गेली तर भोक ढिलं झालं, जॉब भंगारात. इतकी वर्षं मी हे काम करते, आणि सबंध दिवस पहिल्याच टोकाने तपासत बसले. कुठे बसू नये हे एकाही कार्डावर लिहिलं नव्हतं.

“ढिला झाला, शेठ,” दादासो पुटपुटला. त्याच्याही ध्यानात आलं होतं.

शेठनी प्रांजलकडे बघितलं. तिने मोबाइल पाठीमागे लपवला. माझ्याकडे बघितलं, मी कार्डं गोळा करायला घेतली. दादासो छताकडे बघत होता. मग त्यांना मध्ये घालायला कुणीच उरलं नाही.

“जाऊ नको,” शेठ म्हणाले.

वहिनींनी मान वर केली. आता मला मध्ये घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“काय म्हणालात?”

“जाऊ नको. तू बोलत न्हाईस, मला घरात करमत न्हाई. मोबाइल वाजला की बरं वाटतं. ‘जेवण वाढलंय’ एवढंच असतंय त्यात, तरी मी वाचत बसतो. जेवून उठल्यावरबी वाचतो. परवा तू ‘पंप बंद करा’ लिवलंस, मी बंद केला आनि परत चालू केला. म्हटलं, अजून एक मेसेज येईल.”

“म्हणून टाकी भरून वाहत होती?”

“व्हय.”

प्रांजलला हुंदका आला. दादासोने तिला गप्प बस म्हणून खुणावलं आणि स्वतःच नाक पुसलं.

“मग हे का नाही लिहिलंत?” वहिनी म्हणाल्या.

“फोटो कुठला हाय म्हाईत न्हवतं.”

“आणि आता माहीत झालंय म्हणून बोललात?”

“न्हाई,” शेठ म्हणाले. “तू समोर आलीस म्हणून बोललो. मला भ्या वाटलं.”

वहिनी माझ्या खुर्चीत बसल्या. मोबाइलवर टाइप करायला लागल्या.  त्यांनी कॉलेजातला दोघांचा फोटो लावला, वर दोनच शब्द लिहिले, ‘जाऊ नको’, शेठना टॅग केलं आणि पोस्ट टाकली. मग पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “चहा मिळेल का गं इथे?”

चहा यायच्या आधी शेठचा मोबाइल वाजला. नांद्र्याहून वहिनींचा भाऊ, बाळगोंडा. शेठनी स्पीकरवर घेतला.

“दाजी, आवं काय हे! कुठं निघालायसा?”

“कुठं न्हाई. का?”

“अक्कानं लिवलंय की, जाऊ नको म्हणून. खरं सांगा. दीक्षा घेताय का?”

 तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पोस्ट वहिनींच्या नावावर होती. खाली टॅग शेठना. सगळ्या पाहुण्यांनी वाचलं ते एवढंच, की राजमती नवऱ्याला म्हणतेय, जाऊ नको. घाबरून एकेरीवर आली, असं त्यांनी धरलं. आणि पन्नाशीतला, सरळमार्गी, रात्री न जेवणारा, नीट चाललेला कारखाना असलेला जैन माणूस बायकोने विनवूनही जातो म्हणतो, तर तो कुठे जाणार? मुनी व्हायला. दुसरं काय असणार?

“न्हाई रं बाबा, दीक्षा कसली,” शेठ म्हणाले, पण बाळगोंडाचा आवाज आधीच भरून आला होता. तुमच्यात ते तेज पहिल्यापासून होतं, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

प्रांजलने पोस्ट उघडली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. ‘धन्य तो जीव.’ ‘वहिनी, अडवू नका, भाग्य समजा.’ लोणंदच्या पंपवाल्याने लिहिलं होतं, ‘चालू ऑर्डर पूर्ण करूनच दीक्षा घ्यावी ही विनंती.’ तेवढ्यात पुण्याहून आर्जवचा फोन. “पप्पा, काय झालंय? मम्मीनं असं का लिहिलंय? मी रात्रीच्या गाडीनं निघू का?” त्याच्यामागून मिरजेची मावशी. ती फोनवर रडत होती आणि रडता रडता विचारत होती, पाया पडायला आजच यावं की उद्या?

“वहिनी, कॅप्शन बदलू का?” प्रांजलने विचारलं.

“बदलायची नाही,” वहिनी म्हणाल्या. “मला जशी पाहिजे होती तशी आहे.”

“अगं, पर लोक...”

“लोकांना तुम्ही सांगा.”

आणि शेठ सांगत बसले. एकेका फोनला तेच. मी कुठं जात न्हाई. न्हाई, मुनींबरोबर पायी विहारालाबी न्हाई. न्हाई, रागावून बी न्हाई. सुरुवातीला ते खाली मान घालून, आमच्याकडे पाठ करून बोलत होते. मग हळूहळू खुर्ची वळली. वहिनी समोर बसून बशीतून चहा पीत होत्या आणि प्रत्येक फोन लक्ष देऊन ऐकत होत्या, कुणी महत्त्वाची बातमी वाचून दाखवावी तशा. मधे एकदा मीच मशीनवाल्यांना घरी जायला सांगून आले. कुणी हललं नाही.

शेवटी मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब लाइनवर आले. त्यांना दीक्षेच्या मिरवणुकीची तारीख पक्की करायची होती. बँडवाला पुढच्या महिन्यात मिळत नाही म्हणे. शेठनी त्यांना समजावलं. त्यांना पटेना. मोठी माणसं आधी असं नाहीच म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. रथ चांदीचा सांगू की साधा, एवढंच बोला.

तेव्हा मात्र शेठ उठून उभे राहिले आणि ओरडले. लेथच्या आवाजावरून ओरडायची त्यांना सवय आहे, आणि त्या वेळी एकही लेथ चालू नव्हता.

“लालासाहेब, रथ नको, बँड नको! मला माझ्या बायकोबरोबर ऱ्हायचंय! घरात! मरस्तवर!”

 सगळ्या वर्कशॉपने ऐकलं होतं. शेठच्या ते उशिरा लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

वहिनींनी बशी खाली ठेवली. मोबाइल शेठच्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावला.

“लालासाहेब, राजमती बोलते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. ह्यांना परत एकदा सांगायला लावते, थांबा.”